वेळा अमावस्येच्या व्हिडिओखालची पहिली, पिन केलेली कॉमेंट: लोक आपापली रीत सांगतील असं काय लिहावं?

औसेकर_लेक

नमस्कार. माझं यूट्यूबवर छोटं चॅनल आहे, बहुतेक आईचा स्वयंपाक आणि शेतातली कामं. येत्या येळवशीचा व्हिडिओ तयार होतोय. त्यात कडब्याची कोप घालणं, पाच पांडव मांडणं, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे आणि संध्याकाळपर्यंतचं सगळं आहे. मागच्या सणांच्या व्हिडिओंना बघणारे बरे मिळाले, पण खाली "छान ताई", "खूप सुंदर" आणि हात जोडलेले इमोजी एवढंच येतं. मला खरं तर पाहिजे ते वेगळंच आहे. औसा सोडून निलंग्याला गेलं तरी भज्जी बदलते, घरागणिक रीत बदलते. ती बघणाऱ्यांनी लिहावी असं वाटतं.

पिन करायची कॉमेंट मी अशी लिहिली आहे:

> नमस्कार मंडळी 🙏 व्हिडिओ कसा वाटला ते नक्की कळवा. तुमच्याकडे वेळा अमावस्या कशी साजरी करतात, कोणते पदार्थ करतात, काय काय परंपरा आहेत ते कॉमेंटमध्ये सांगा. व्हिडिओ आवडला तर लाइक, शेअर आणि सबस्क्राइब करायला विसरू नका.

यात काय बदलू?

टेक_बाळू

ताई, पिन केलेली कॉमेंट सगळ्यात वर राहते, त्यामुळे त्यात हॅशटॅग आणि जुन्या व्हिडिओच्या लिंका टाकून घ्या. दोन कॉमेंट पिन करा, एकीत प्रश्न आणि एकीत लिंका. पिनमुळे व्हिडिओ जास्त लोकांपर्यंत जातो.

मांजराकाठ

बाळू, ती वर राहते हे खरं. पण पिन एका व्हिडिओला एकच होते. दुसरी पिन केली की पहिलीची पिन निघते. आणि पिन केल्यानं व्हिडिओ आपोआप पुढं ढकलला जातो असं धरून चालू नका. लोक खाली थांबून लिहितात, वाचतात, एकमेकांना उत्तर देतात, फायदा झालाच तर त्याचा होतो. शॉर्ट्सच्या कॉमेंटमधल्या लिंका तर ऑगस्ट २०२३ च्या अखेरीपासून दाबल्याच जात नाहीत. लिंका डिस्क्रिप्शनमध्ये राहू द्या.

आता ताईंच्या मसुद्याबद्दल. मी दोन-तीन चॅनलांच्या कॉमेंटी सांभाळतो, बहुतेक शेती आणि सणवाराच्या. फोनवर लांब कॉमेंटच्या वरच्या काही ओळीच दिसतात, बाकीचं "Read more" च्या आत जातं. तुमच्या पहिल्या ओळीत नमस्कार आहे आणि व्हिडिओ कसा वाटला हा प्रश्न आहे. ज्याला जे पहिलं विचाराल त्याचंच तो उत्तर देतो. "कसा वाटला" विचारलं की "छान ताई" येणारच. लोकांनी तुमच्या प्रश्नाला बरोबर उत्तर दिलंय, प्रश्नच तो होता.

पुढं तुम्ही एका दमात कशी साजरी करता, पदार्थ कोणते, परंपरा काय असं तिन्ही विचारलंय. याचं प्रामाणिक उत्तर द्यायचं तर अर्धा तास बसून निबंध लिहावा लागेल. भाकरी थापता थापता फोन बघणारी बाई तो लिहिणार नाही. तिच्या मनात एखादी गोष्ट असते, आणि तेवढीच एक लिहिता येईल असा प्रश्न पाहिजे.

नांदेडची_वहिनी

आमच्या माहेरी, हदगाव भागात, येळवस एवढी मोठी नसते. आमच्याकडं महालक्ष्म्यांचा थाट. सासूबाई मुखवटे आणतात ते दारातून आणताना "महालक्ष्मी आली, काय घेऊन आली" असं विचारत यायचं, आणि मागं असलेल्या पोरीनं दरवेळी वेगळं उत्तर द्यायचं. एखादी धाकटी काहीही सांगायची. एकदा नणंदेच्या मुलीनं "वह्या-पुस्तकं घेऊन आली" म्हटलं, सगळी हसली, पण सासूबाईंनी खरंच दोन वह्या मुखवट्यांपुढं ठेवल्या. तेव्हापासून आमच्याकडं महालक्ष्म्यांपुढं वह्या असतात. तुमच्याकडं आंबिलीत लसूण घालतात का हो?

मांजराकाठ

वहिनी, धागा महालक्ष्म्यांचा नाही, पण तुमची पोस्ट ताईंनी दोनदा वाचावी. तुम्ही महालक्ष्म्यांची सगळी पूजा सांगितली नाहीत. कोण कुठं उभं राहतं, काय बोलतं, आणि एकदा काय झालं ते सांगितलंत. असलं लिखाण बाहेर काढायचं तर प्रश्नही माणसावर पाहिजे. "पदार्थ कोणते" विचारलं की यादी येते. "कोण करतं" विचारलं की आजी, चुलता, धाकटं लेकरू असं कुणीतरी येतं, आणि त्याच्या मागून रीत येते.

औसेकर_लेक

वहिनी, आमच्याकडं आंबिलीत लसूण वाटून घालतात, जिरं पण.

मांजराकाठ, म्हणजे एकच प्रश्न ठेवू? मला वाटलं होतं "तुमच्याकडे पाच दगड मांडतात की सात?" असं विचारावं. सोपं आहे, पटकन लिहितील.

मांजराकाठ

पटकन लिहितील, पण "पाच" एवढंच लिहितील. मी हे पोळ्याला बघितलंय. "बैलाला पुरणपोळी देता की ठोंबरा?" असं एका चॅनलवर विचारलं होतं. उत्तरं भरपूर आली, पण सगळी एका शब्दाची. वाचणाऱ्याला त्यातून काही मिळालं नाही आणि उत्तराला उत्तरही कुणी दिलं नाही. हे की ते असा प्रश्न मोजणीला बरा. तुम्हाला मोजणी नको आहे.

"का" सुद्धा विचारू नका. "आंबील का शिंपडतात?" म्हटलं की ज्याला रीत माहीत आहे तो गप्प बसतो, कारण त्याला वाटतं आपल्याला कारण ठाऊक नाही. आणि ज्याला रीत माहीत नाही तो येऊन पोथीतलं आणि विज्ञानातलं सांगतो. कोण, कुठं, कधी, काय म्हणत, एवढ्यातच राहा.

निलंगा_नाना

मी वयानं मोठा आहे, स्पष्ट सांगतो. तुमच्या व्हिडिओचं नाव "अस्सल भज्जी" असं काही ठेवू नका, कॉमेंटमध्ये तर मुळीच नको. भज्जीत ओले तुरीचे दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणा, शेंगदाणा, वांगं, पालेभाजी आणि बेसन एवढं सगळ्यांचं जमतं. पण आंबटपणा कुठून आणायचा यावर भांडण आहे. कुणी चिंचेचा कोळ, कुणी आंबट ताक, कुणी चुका. "अस्सल" म्हटलं की लोक आपली रीत सांगत नाहीत, तुमची चूक काढतात.

शिंपडताना आमच्या रानात "ओलगे ओलगे सालम पोलगे" म्हणतात. सीमेपलीकडं बिदरकडं पाहुण्यांच्या रानात शब्द थोडे वेगळे कानावर येतात. हे विचारलं तर प्रत्येक जण लिहील. शब्द आठवतातच माणसाला.

ज्वारीचं_कणीस

नानांचा मुद्दा पटला, पण आरोळीच विचारावी का याबद्दल मला शंका आहे. लोक ती एक ओळ लिहून निघून जातील, "पाच की सात"सारखंच होईल. उलट कुणी शिंपडलं हे विचारलं तर आरोळीही त्यातच येते.

निलंगा_नाना

येईल किंवा न येईल. पण नुसती आरोळी आली तरी मोठी गोष्ट आहे, गावागावचे शब्द एका जागी कुठं मिळतात? मला ती यादी वाचायला आवडेल.

मुखेडचा_सालगडी_पोरगा

एक विचारू का? "तुमच्या शेतात कोण शिंपडतं" असं लिहिणार असाल तर आमच्यासारखे काय लिहिणार? आमच्या घरी शेत नव्हतं. वडील सालानं होते. येळवशीला आम्ही मालकाच्या रानात जायचोत, आणि कोप घालायचं काम वडलांचंच असायचं. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करायच्या, वर बांधायच्या, आत सारवून घ्यायचं, दगडांना चुना लावायचा. मालकाची माणसं दुपारी यायची. पूजा त्यांची, पण कोप आमच्या वडलांची. शिवाय त्या दिवशी शेजारच्या रानातून कुणीही हाक मारतं, या जेवायला. गावातले शिक्षक, दुकानदार, ज्यांना शेत नाही ते पण कुणाच्या ना कुणाच्या रानात बसतातच. मग "तुमचं शेत" म्हटलं की इतकी सगळी माणसं बाहेर राहतात.

औसेकर_लेक

दादा, हे माझ्या ध्यानातच आलं नसतं. कोप कोणी घातली हे आमच्या व्हिडिओतही नुसतं दिसतं, कुणी बोलत नाही त्याबद्दल. मग प्रश्नच तो ठेवू का, "कोप कोण घालतं?"

मांजराकाठ

ठेवा. हा प्रश्न सगळ्यात चांगला आहे, आणि मला तो सुचला नव्हता. शेत असलेला, नसलेला, सालगडी, पाहुणा, सगळ्यांना त्याचं उत्तर आहे. आता लातूर-पुण्याला राहणारा पोरगासुद्धा "आजोबा घालायचे, आता ताडपत्री टाकतात" असं लिहील, आणि तीही रीतच.

लिहायची पद्धत अशी करा. पहिल्या वाक्यात तुमच्या घरचं एक बारीकसं, पूर्ण चित्र. नमस्कार नको. त्याला लागून प्रश्न. त्यानंतर उत्तर केवढं पाहिजे ते सांगणारी ओळ, म्हणजे लोकांना लांब लिहायचं दडपण येत नाही. आणि शेवटी शेत नसणाऱ्यांना दार उघडं आहे हे सरळ शब्दांत. तुमचं चित्र जेवढं मोठं, तेवढंच उत्तर येतं. तुम्ही दोन ओळी लिहिल्या तर लोक दोन ओळी लिहितात. तुम्ही "आमच्याकडे पारंपरिक पद्धतीने" असं लिहिलंत तर लोकही "आमच्याकडे पण" असंच लिहून जातात.

औसेकर_लेक

बघा आता:

> आमच्या रानात कोप माझे चुलते घालतात आणि तिचं तोंड कुठल्या बाजूला ठेवायचं यावर दरवर्षी आजी त्यांना एकदा तरी मोडायला लावते. तुमच्याकडं कोप कोण घालतं? गावाचं नाव आणि एक-दोन ओळी लिहिल्या तरी पुष्कळ. स्वतःचं शेत नसलं तरी सांगा, कुणाच्या रानात जेवायला जाता आणि तिथं काय बघितलं ते.

ज्वारीचं_कणीस

मस्त. आजी मोडायला लावते हे वाचून मला लगेच आमचे दाजी आठवले. फक्त "गावाचं नाव" बघा. लहान गावात आडनाव आणि गाव एकत्र आलं की घर कळतं. आणि दुसरं, काही जणांना गाव विचारलं की पुढं आडनाव, मग जात असा क्रम माहीत आहे. ते लिहायचंच टाळतील. "तालुका" लिहा.

निलंगा_नाना

तालुक्यानं रीत कळत नाही. निलंगा तालुक्यात कर्नाटकाला लागून असलेली गावं आणि तेरणा-मांजराच्या काठची गावं यांच्यात फरक आहे. गावच पाहिजे.

मांजराकाठ

दोघांचंही खरं आहे. "गाव किंवा तालुका" लिहा, ज्याला जे सोसेल ते तो लिहील.

टेक_बाळू

एक सांगतो, शेवटी "माझ्या कॉमेंटला रिप्लाय करा" असं लिहाच. सगळं एका ठिकाणी जमतं, नाहीतर कॉमेंटी विखुरतात.

मांजराकाठ

इथं मी वेगळं करतो. पिनखाली रिप्लाय आले की ते सगळे एका ओळीमागं मिटतात, बघणाऱ्याला दाबून उघडावे लागतात. चाळीस घरच्या रीती तिथं असतील तरी वरून बघणाऱ्याला फक्त आकडा दिसतो. स्वतंत्र कॉमेंट आली तर ती यादीत दिसते, तिच्याखाली तिचं स्वतःचं बोलणं चालतं. निलंग्याच्या माणसाला उदगीरचा माणूस उत्तर देऊ शकतो.

ज्वारीचं_कणीस

पण लोक करतात काय? माझ्या आईला विचारा. पिन केलेला प्रश्न दिसला की ती त्याच्याच खालच्या "रिप्लाय"वर बोट ठेवते. प्रश्न जिथं, उत्तर तिथं. तिला "वेगळी कॉमेंट करा" सांगितलं तर ती करणारच नाही.

मांजराकाठ

हो, वयस्कर मंडळी तसंच करतात. मी सूचनाच देत नाही, दोन्ही येऊ देतो. यावर माझं मन अजून पक्कं नाही. ताई, तुम्ही या वेळी काय होतं ते बघून इथं लिहा.

नांदेडची_वहिनी

मी मराठी फोनवर बोलून लिहिते, कधीकधी शब्द चुकीचे पडतात. आणि माझ्या भावजया इंग्रजी अक्षरात मराठी लिहितात. कॉमेंटमध्ये "मराठीत लिहा" असं घालू नका, नाहीतर त्या लिहिणार नाहीत.

औसेकर_लेक

नाही घालत, वहिनी. "रानात", "तुमच्याकडं" असंच ठेवलंय, आम्ही घरी जसं बोलतोत तसं. एका मैत्रिणीनं सांगितलं की पुण्या-मुंबईच्या लोकांसाठी प्रमाण मराठीत लिही.

मुखेडचा_सालगडी_पोरगा

जसं बोलता तसंच ठेवा ताई. तुम्ही छापील भाषेत विचारलं की मी पण छापील भाषा शोधत बसतो, आणि मग लिहीतच नाही.

ज्वारीचं_कणीस

माझं मत थोडं वेगळं. "कोप" हा शब्द बाहेरच्यांना कळणार नाही. अर्थात व्हिडिओत कोप दिसतेच, तेवढं पुरे असेल.

मांजराकाठ

पुरे आहे. आता लावायची वेळ. व्हिडिओ शेड्यूल करून ठेवलात तर ठरलेली वेळ येईपर्यंत तो प्रायव्हेट असतो, आणि प्रायव्हेट व्हिडिओवर कॉमेंट करता येत नाही. म्हणून मजकूर फोनच्या नोट्समध्ये तयार ठेवा. व्हिडिओ पब्लिक झाला की लगेच चॅनलच्या खात्यातून टाका आणि त्याच्या तीन टिंबांतून पिन करा. आधी "छान ताई" येऊन बसले की पुढचे तेच बघून लिहितात. नंतर मजकुरात दुरुस्ती केलीत तर पिन जागेवर आहे का ते एकदा बघून घ्या. आणि व्हिडिओ चुकून "मुलांसाठी" म्हणून लावलेला नाही ना हे तपासा. तसा लावला तर कॉमेंटच बंद होतात.

दुसरं, स्टुडिओत कॉमेंटांमध्ये "Held for review" म्हणून भाग असतो. पहिले दोन-तीन दिवस तो रोज उघडा. साध्या, चांगल्या कॉमेंटीसुद्धा तिथं अडकतात, बोलीतले शब्द किंवा लिंक बघून असावं. तिथं ६० दिवसांपर्यंतच राहतात. माणसाला वाटतं आपण लिहिलं आणि बाईनं काढून टाकलं.

औसेकर_लेक

हे बघितलंच नव्हतं कधी. आणि उत्तरं आली की मी काय लिहू? आतापर्यंत सगळ्यांना "धन्यवाद 🙏" लिहिते.

मांजराकाठ

धन्यवादानं बोलणं तिथंच संपतं. पहिल्या आठ-दहा जणांना तरी त्यांच्याच ओळीतलं काहीतरी धरून पुढचं विचारा. समजा कुणी लिहिलं, "अहमदपूर. कोप आमचे मामा घालायचे, आता कडबा नाही म्हणून साडीचा मांडव करतोत." तर तुम्ही विचारा, "साडी कुणाची घेता, नवी का जुनी?" तो माणूस परत येतो, कारण हे त्याला माहीत आहे. त्याला येऊन सांगावंसं वाटतं की आईची नऊवारी असते, किंवा दरवर्षी नवी साडी लावून नंतर ती बहिणीला देतात. खरी रीत ही दुसऱ्या उत्तरात असते, पहिल्यात क्वचितच. आणि मागून येणारे ते दोघांचं बोलणं वाचून त्याच मापाचं लिहितात.

निलंगा_नाना

कुणी येऊन "ही पद्धत चुकीची आहे, शास्त्रात असं नाही" म्हटलं तर?

मांजराकाठ

पहिल्यांदा उत्तर द्या, "तुमच्याकडं कसं करतात ते सांगा ना." निम्मे लोक खरंच सांगतात. पण दुसऱ्याच्या घरावर, जातीवर घसरला तर लपवा, वाट बघू नका. एका घरची रीत हिणवली गेली की बाकीचे लिहायचे थांबतात.

मुखेडचा_सालगडी_पोरगा

आणि ताई, लोकांनी लिहिलेलं पुढच्या व्हिडिओत वाचून दाखवणार असाल तर ते आधीच कॉमेंटमध्ये सांगा. मी वडलांचं लिहिलं आणि ते नावासकट व्हिडिओत आलं तर घरी मला बोलणी बसतील.

औसेकर_लेक

वाचणार आहे, म्हणून ही ओळ जोडते: "यातल्या काही रीती पुढच्या व्हिडिओत नाव न घेता वाचीन. तुमची नको असेल तर तसं लिहा." चालेल?

ज्वारीचं_कणीस

चालेल. पण ती सगळ्यात खाली ठेवा, आजी आणि कोप वरच राहू द्या.

टेक_बाळू

मग सबस्क्राइबचं कुठं सांगणार?

औसेकर_लेक

व्हिडिओत शेवटी आई सांगते ना. इथं नको.

निलंगा_नाना

दोन दिवसांनी एखादी चांगली आलेली रीतच पिन करा की, तुमची काढून. लिहिणाऱ्याला मान मिळेल.

मांजराकाठ

करता येतं, पण मग प्रश्नच खाली जातो आणि नवीन येणाऱ्याला काय लिहायचं ते कळत नाही. शिवाय त्या माणसाचं नाव सगळ्यांच्या वर येतं, ते त्याला हवं असेलच असं नाही. मी सण होईपर्यंत प्रश्न पिन ठेवतो. येळवस झाल्यावर, त्याला विचारून, करायला हरकत नाही.

नांदेडची_वहिनी

आणि सण झाल्यावर प्रश्न बदलला तर? "यंदा कोप कोणी घातली" असं. आधी विचारलं की आठवणी येतात, नंतर विचारलं की यंदाचं येतं.

मांजराकाठ

वहिनी, हे मी कुठं करून बघितलेलं नाही. ताई, अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी ते एक वाक्य बदलून बघा. हेंडगा पेटवून पिकाभोवती कोण फिरलं हेसुद्धा तेव्हाच विचारता येईल, कारण व्हिडिओ येतो तेव्हा यंदाचं ते झालेलंच नसतं.

निलंगा_नाना

हेंडग्याचं विचारणार असाल तर माझं आत्ताच लिहून घ्या. आमच्याकडं तो लेकीच्या पोरानं न्यायचा असतो, घरच्या पोरानं नाही. नातू आला नसेल तर शेजारच्या घरचा भाचा बोलावतोत.

औसेकर_लेक

नाना, आमच्याकडं असं काही नाही, जो पळेल तो नेतो. भाचाच का नेतो असं विचारणार नाही, पण तुमच्या रानात शेवटचा कुणी नेला ते सांगा.